पीक विम्याची अधिसूचना: हप्त्याआधी जोखीम वाचा

खरीप २०२४ मध्ये सोयाबीनच्या शेतात ऐन शेंगा भरताना पाणी साचले, तर शेतकऱ्यासमोर एक ठरलेली वाट होती. ७२ तासांच्या आत नुकसान कळवायचे, विमा कंपनीचा माणूस पाहणीला येणार, पंचनामा होणार आणि त्या एका शेतापुरती भरपाई ठरणार. वर्षभरानंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्या पात्र सोडून शिवारात शिरल्या. तेव्हाही अनेकांनी त्याच सवयीने ७२ तासांची आठवण काढली. पण त्या हंगामात ती वाट बंद होती. पीक तेच, योजनेचे नाव तेच, पावती तशीच; फक्त राज्य सरकारने त्या वर्षीच्या अधिसूचनेतून वैयक्तिक नुकसानीची जोखीम काढून टाकलेली होती.

पीक विम्याबद्दल गावात जी माहिती फिरते, ती बहुतेक वेळा गेल्या वर्षाची असते. आणि पंतप्रधान पीक विमा योजनेत बदल होतो तो नेमका वर्षावर्षाला. २०१६ च्या खरिपात योजना सुरू झाली. २०२० पासून कर्जदार शेतकऱ्यांनाही ती ऐच्छिक झाली आणि कोणत्या जादा जोखमी घ्यायच्या हे ठरवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्रात खरीप २०२३ पासून दोन वर्षे शेतकऱ्याने एक रुपया भरायचा आणि बाकीचा त्याचा हिस्सा राज्य सरकारने उचलायचा, असे चालले. खोट्या अर्जांच्या तक्रारी वाढल्या आणि खरीप २०२५ पासून पुन्हा टक्केवारीने हप्ता सुरू झाला. म्हणून ‘मागच्या वेळी असे होते’ हा या विषयातला सगळ्यात धोक्याचा आधार आहे. त्या त्या हंगामाचा शासन निर्णय, म्हणजेच आपण जिला अधिसूचना म्हणतो ती, हाच खरा करार. पावतीवर जे लिहिलेले नसते ते तिथे असते.

हा दस्तऐवज पाहून कुणीही दचकेल. पुढे सरकारी भाषेतली लांबलचक कलमे आणि मागे जिल्हा, तालुका, महसूल मंडळांची प्रपत्रे. पण शेतकऱ्याला त्यातल्या चारच गोष्टींशी काम असते: माझे पीक माझ्या मंडळात अधिसूचित आहे का, कोणत्या जोखमी चालू आहेत, हप्ता किती, आणि नुकसान झाल्यावर भरपाई कशी ठरणार. या चार गोष्टी क्रमाने पाहू. उदाहरण म्हणून एक कल्पित शेतकरी घेऊ. त्याचे तीन एकर, म्हणजे १.२० हेक्टर सोयाबीन आहे.

पीक आणि मंडळ

महाराष्ट्रात खरीप २०२५ साठी चौदा पिके अधिसूचित होती: भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तूर, मूग, उडीद, सोयाबीन, भुईमूग, तीळ, कारळे, कापूस आणि कांदा. पण या यादीत नाव आहे म्हणून ते पीक प्रत्येक गावात विम्याला पात्र होते, असा अर्थ होत नाही. मुख्य यादीनंतर जे प्रपत्र येते त्यात जिल्ह्यानुसार, तालुक्यानुसार कोणत्या महसूल मंडळात कोणते पीक अधिसूचित आहे हे दिलेले असते. शेजारच्या मंडळात उडीद असेल आणि आपल्यात नसेल, असे होऊ शकते. काही पिकांसाठी मंडळाऐवजी मंडळ गट किंवा अख्खा तालुका हा घटक धरलेला असतो.

इथे आपले गाव महसुली नोंदीत कोणत्या मंडळात आहे हे तपासून घ्यावे. मंडळांची पुनर्रचना झाली असेल, तर जुन्या ओळखीने गाव शोधून उपयोग नाही; तलाठ्याकडे विचारलेले बरे. या एका शब्दावर पुढचा सगळा हिशेब उभा आहे. विमा आपण शेताचा काढतो, पण उत्पादनावर आधारित भरपाई ठरते ती मंडळाच्या सरासरीवर. सरकारी भाषेत या मंडळाला ‘विमा क्षेत्र घटक’ म्हणतात.

याच टप्प्यावर दोन चुका होतात. पहिली कर्जदारांची. बँक पीककर्ज मंजूर करताना ज्या पिकाची नोंद घेते, त्याच पिकाचा हप्ता कापते. शेतकऱ्याने कर्ज कापसावर घेतले आणि पाऊस पाहून पेरले सोयाबीन, तर मुदत संपण्याआधी बँकेला तसे लेखी कळवायला हवे. ज्या कर्जदाराला विमा नकोच आहे, त्याने अंतिम तारखेच्या किमान सात दिवस आधी तसे घोषणापत्र बँकेत द्यावे लागते. नाही दिले तर हप्ता आपोआप कापला जातो.

दुसरी चूक ई-पीक पाहणीची. विमा अर्जात एक पीक आणि सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत दुसरे, असे आढळले तर ई-पीक पाहणीतली नोंद अंतिम धरतात. आपला शेतकरी अर्ज जुलैमध्ये करतो आणि पीक पाहणी नंतर होते. मधल्या काळात दुबार पेरणी झाली असेल किंवा पाहणी करताना गट क्रमांक चुकला असेल, तर तफावत राहते आणि ती दिसते थेट दावा अडकल्यावर. म्हणून पीक पाहणीची नोंद झाली की विम्याची पावती समोर ठेवून गट क्रमांक, पीक आणि क्षेत्र या तीन गोष्टी जुळवून पाहाव्यात. खरीप २०२५ पासून अर्जासाठी शेतकरी ओळख क्रमांकही, म्हणजे फार्मर आयडी, बंधनकारक झाला. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार जोडावा लागतो; तोंडी बटई इथे चालत नाही.

जोखमीचे कलम

हप्त्याचा तक्ता सगळे पाहतात. त्याच्या आधी येणारे जोखमीचे कलम मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते, आणि हंगाम संपल्यावर सगळी भांडणे तिथेच उगवतात.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक संरक्षण मूळ मानलेले आहे. पेरणीपासून काढणीपर्यंत दुष्काळ, पावसातला खंड, पूर, कीड, रोग अशा टाळता न येणाऱ्या कारणांनी मंडळाचे सरासरी उत्पादन घटले, तर त्या मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई. यासाठी शेतकऱ्याने कुणालाही काही कळवायचे नसते. पीक कापणी प्रयोगांतून आकडा निघतो आणि त्यावरून दावा ठरतो.

याशिवाय चार संरक्षणे जादा आहेत. पहिले पेरणीच न होण्याचे: प्रतिकूल हवामानामुळे मंडळातल्या ७५ टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर पेरणी झाली नाही, तर विमा संरक्षित रकमेच्या २५ टक्के मिळतात आणि त्या पिकाचा विमा तिथेच संपतो. दुसरे हंगामातल्या प्रतिकूल परिस्थितीचे: मंडळाचे अपेक्षित उत्पादन सर्वसाधारण उत्पादनाच्या निम्म्याहून खाली जाण्याची चिन्हे दिसली, तर संभाव्य भरपाईच्या २५ टक्के आगाऊ मिळतात. तिसरे स्थानिक नैसर्गिक आपत्तीचे: गारपीट, भूस्खलन, शेत जलमय होणे, ढगफुटी, वीज पडून आग. चौथे काढणीपश्चात नुकसानीचे: कापून शेतातच सुकायला पसरलेले किंवा पेंढ्या बांधून ठेवलेले पीक काढणीपासून १४ दिवसांच्या आत गारपीट, चक्रीवादळ किंवा अवकाळी पावसाने खराब झाले तर. मळणी होऊन घरात किंवा गोदामात आलेला माल यात धरत नाहीत.

या चारांपैकी पहिल्या दोहोंसाठी प्रशासन मंडळ पातळीवर पाहणी करते. शेवटच्या दोहोंत नुकसान एकेका शेताचे असते, म्हणून ते शेतकऱ्याने कळवायचे असते. ७२ तासांची मुदत या दोघांचीच आहे. महाराष्ट्राने खरीप २०२५ मध्ये ही चारही जादा संरक्षणे वगळून फक्त पीक कापणी प्रयोगावर आधारलेली भरपाई ठेवली. त्यामुळे त्या हंगामात पाणी साचलेल्या शेतकऱ्याने पहिल्याच तासाला फोन केला असता, तरी वैयक्तिक दावा उभा राहिला नसता. त्याची भरपाई मंडळाचे उत्पादन किती घटले यावरच ठरणार होती.

पुढच्या हंगामांकडे पाहताना आणखी एक घोषणा ध्यानात ठेवावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान स्थानिक जोखमीत घेण्याचे आणि भातशेती पाण्याखाली जाण्याचे संरक्षण परत आणण्याचे जाहीर केले. अंमल खरीप २०२६ पासून. पण कोणते प्राणी आणि कोणते तालुके, हे राज्यांनी अधिसूचित करायचे आहे. रानडुकरांनी मका तुडवला म्हणून दावा करण्याआधी आपल्या राज्याच्या अधिसूचनेत ते कलम आणि आपला भाग आहे का, हे पाहावे लागेल. केंद्राची घोषणा म्हणजे आपल्या मंडळातले संरक्षण नव्हे.

म्हणून अधिसूचना हाती आली की ‘विमा संरक्षणाच्या बाबी’ हे शीर्षक आधी शोधावे. तिथे स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान हे शब्द आहेत की नाहीत, एवढे पाहिले तरी अर्धे काम झाले.

हप्ता कुणाचा किती

शेतकऱ्याचा हिस्सा ठरवणारा नियम साधा आहे. खरिपातली अन्नधान्ये, कडधान्ये आणि गळीत पिके यांना विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीत त्यांनाच दीड टक्का, आणि कापूस, कांदा यांसारख्या नगदी पिकांना ५ टक्के. ही कमाल मर्यादा आहे. कंपनीने निविदेत भरलेला खरा दर, ज्याला अधिसूचनेत वास्तवदर्शी विमा हप्ता दर म्हणतात, तो यापेक्षा कमी असेल तर शेतकऱ्याने तेवढाच भरायचा. म्हणूनच एका जिल्ह्यात सोयाबीनचा हप्ता हेक्टरी हजाराच्या वर आणि दुसऱ्या जिल्ह्यात त्याहून पुष्कळ कमी, असे चित्र दिसते. त्यात कुणी कुणाला फसवलेले नसते.

आपल्या शेतकऱ्याच्या जिल्ह्यात सोयाबीनची विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५८,००० रुपये आणि कंपनीचा दर १२ टक्के आहे असे धरू. हेक्टरी एकूण हप्ता झाला ६,९६० रुपये. त्यातले २ टक्के, म्हणजे १,१६० रुपये शेतकऱ्याचे. उरलेले ५,८०० रुपये केंद्र आणि राज्य निम्मे निम्मे, २,९०० रुपये प्रत्येकी भरतात. १.२० हेक्टरचे शेतकऱ्याला भरायचे १,३९२ रुपये. कंपनीचा दर दीड टक्काच असता, तर हेक्टरी ८७० रुपयांत काम झाले असते आणि अनुदानाचा प्रश्नच आला नसता.

सेवा केंद्रात अर्ज भरून देण्याचे शुल्क विमा कंपनी केंद्रचालकाला देते. शेतकऱ्याने हप्त्याची रक्कम आणि सातबारा, आठ-अ यांच्या उताऱ्याचा खर्च एवढेच द्यायचे. अर्ज झाल्यावर मिळणाऱ्या पावतीवर अर्ज क्रमांक असतो. तो घेऊन pmfby.gov.in वर अर्जाची स्थिती पाहता येते. अर्ज मंजूर झाला की दुरुस्तीसाठी परत आला, हे अंतिम तारखेच्या आत पाहणे महत्त्वाचे, कारण त्यानंतर चूक सुधारायला वाव उरत नाही.

उंबरठा ओलांडला की नाही

आता सगळ्यांत कमी समजलेला भाग. अधिसूचनेत दोन शब्द येतात: जोखीमस्तर आणि उंबरठा उत्पादन. महाराष्ट्रात जोखीमस्तर सर्व अधिसूचित पिकांना ७० टक्के ठेवलेला आहे. मंडळाच्या मागच्या सात वर्षांपैकी सर्वोत्तम पाच वर्षांचे सरासरी उत्पादन काढायचे आणि त्याला ७० टक्क्यांनी गुणायचे. जे येईल ते उंबरठा उत्पादन. चालू हंगामाचे सरासरी उत्पादन याच्याखाली गेले तरच भरपाई.

समजा मंडळात सोयाबीनचे हेक्टरी उत्पादन सात वर्षांत किलोमध्ये असे होते: १,४५०, ६२०, १,२८०, १,५१०, ९००, १,३६०, १,४००. यातली ६२० आणि ९०० ही दोन पडकी वर्षे बाजूला काढली की उरलेल्या पाचांची सरासरी १,४०० येते. तिचे ७० टक्के म्हणजे ९८० किलो. हा उंबरठा.

यंदा कापणी प्रयोगांतून सरासरी ७३५ किलो आली असे धरू. तूट झाली २४५ किलो, म्हणजे उंबरठ्याच्या २५ टक्के. हेक्टरी ५८,००० रुपयांचे २५ टक्के १४,५०० रुपये. आपल्या शेतकऱ्याला १.२० हेक्टरचे १७,४०० रुपये मिळतील. हे सूत्र अधिसूचनेत असेच दिलेले असते: उंबरठ्यातून प्रत्यक्ष उत्पादन वजा करा, उंबरठ्याने भागा, विमा संरक्षित रकमेने गुणा.

याच आकड्यांतून योजनेची मर्यादाही दिसते. यंदाची सरासरी १,००० किलो आली असती, तर नेहमीच्या १,४०० च्या मानाने हेक्टरी चार क्विंटल कमी पिकूनही भरपाई शून्य. कारण घट तीस टक्क्यांच्या आत राहिली आणि तेवढी घट शेतकऱ्यानेच सोसायची, असा कराराचा अर्थ आहे. दुसरी गोष्ट, आपल्या शेतकऱ्याचे नदीकाठचे तीनही एकर वाहून गेले, पण मंडळातल्या माळावरच्या शेतांनी सरासरी ९८० च्या वर ठेवली, तरीही भरपाई शून्य. उलट त्याच्या शेतात चांगले पिकले आणि मंडळ पडले, तर त्यालाही हेक्टरी १४,५०० रुपये मिळतात. या विम्याला वैयक्तिक संरक्षणाची जोड नसली की तो एकेकट्या शेतकऱ्याच्या कामी कमी येतो, हे मान्य करायला हवे. स्थानिक आपत्तीचे कलम अधिसूचनेत आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच इतका मोलाचा.

प्रत्यक्ष उत्पादनाचा आकडा येतो तो कापणी प्रयोगांतून. महसूल मंडळात एका पिकाचे साधारण दहा प्रयोग होतात. आधीच निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखून तेवढेच पीक कापायचे, मळायचे, वजन करायचे आणि मोबाइल ॲपवर जागेच्या नोंदीसह भरायचे. मालाचा ओलावाही हिशेबात धरला जातो. विमा कंपनीच्या प्रतिनिधीला तिथे हजर राहता येते आणि गावानेही राहायला हवे. सोयाबीनसारख्या काही पिकांत आता उपग्रहाच्या आधारे काढलेल्या उत्पादनालाही भारांक आहे. तो किती टक्के, हेही अधिसूचनेतच लिहिलेले असते. तो जितका जास्त, तितके शेतात केलेल्या वजनाचे वजन कमी.

७२ तास

स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसानीची कलमे चालू असलेल्या हंगामात मात्र सगळा खेळ पूर्वसूचनेचा असतो. मुदत मोजायची ती घटना घडल्यापासून. शनिवारी रात्री पाऊस झाला आणि पाणी सोमवारी ओसरल्यावर शेतात पाय ठेवता आला, तरी घड्याळ शनिवारीच सुरू झालेले असते. म्हणून नुकसान किती झाले याचा पक्का अंदाज येईपर्यंत थांबू नये. पूर्वसूचना ही नुकसानीची नोंद असते, मोजणी नंतर पाहणीत होते.

कळवायच्या वाटा अनेक आहेत: पीक विमा ॲप, १४४४७ हा मदत क्रमांक, विमा कंपनी, बँक, तालुका कृषी कार्यालय. ॲपवरून केलेले बरे, कारण तिथे जागेवरचे छायाचित्र जोडता येते आणि लगेच तक्रार क्रमांक मिळतो. हा क्रमांक जपून ठेवावा. पुढे सगळी विचारपूस त्यावरच होते. फोनवरून कळवले असेल तर क्रमांक वहीत उतरवून घेतल्याशिवाय फोन ठेवू नये.

ॲपमध्ये एकामागून एक रकाने येतात. हंगाम आणि वर्ष, अर्ज क्रमांक, गट क्रमांक, पीक, मग नुकसानीचे कारण, घटनेची तारीख, पिकाची अवस्था आणि बाधित क्षेत्राची टक्केवारी. चूक होते ती बहुधा कारण आणि अवस्था या दोन ठिकाणी. पाणी साचून पीक सडले, पण कारणाच्या यादीत कीड-रोग किंवा पावसाचा खंड निवडला, तर दावा फेटाळला जातो, कारण ती कारणे या कलमात बसतच नाहीत. तसेच सोयाबीन कापून शेतात पसरलेले असताना अवस्था ‘उभे पीक’ निवडली, तर पाहणीला आलेल्या माणसाला शेतात उभे पीक दिसत नाही आणि नोंद जुळत नाही. तीन गट क्रमांकांवर विमा असेल, तर ज्या ज्या गटात नुकसान झाले त्या प्रत्येकाची नोंद झाली आहे याची खात्री करावी.

यानंतरचे वेळापत्रक मार्गदर्शक सूचनांत आहे. सूचना मिळाल्यापासून ४८ तासांत कंपनीने नुकसान पाहणाऱ्याची नेमणूक करायची, पुढच्या दहा दिवसांत पाहणी पूर्ण करायची आणि अहवालानंतर पंधरा दिवसांत भरपाई द्यायची. अनुदानाचा हप्ता सरकारकडून पोहोचलेला असेल तर. मंडळातल्या विमा घेतलेल्या क्षेत्रापैकी २५ टक्क्यांहून जास्त बाधित असेल, तर प्रत्येक शेत न पाहता नमुना पाहणी करून भरपाई ठरवता येते.

पाहणीच्या दिवशी पंचनाम्याचा कागद समोर येतो. त्यावर गट क्रमांक, विमा क्षेत्र, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी आणि पिकाची अवस्था हे रकाने असतात. खाली कंपनीचा प्रतिनिधी, कृषी सहायक आणि शेतकरी यांच्या सह्या. टक्केवारीचा रकाना कोरा असेल तर सही करू नये. ‘बाकीचे ऑफिसात भरतो’ या वाक्याने पुष्कळांचे नुकसान केले आहे. आकडा मान्य नसेल तर आपले म्हणणे त्याच कागदावर लिहावे आणि मोबाइलमध्ये कागदाचे छायाचित्र घ्यावे.

ही भरपाई पूर्ण विमा रकमेवर निघत नाही, हेही आधीच ठाऊक असावे. त्या दिवसापर्यंत पिकावर झालेल्या खर्चाच्या प्रमाणात रक्कम धरतात. आपल्या शेतकऱ्याच्या १.२० पैकी ०.४० हेक्टरात पाणी साचले, तोवर ६० टक्के खर्च झालेला होता आणि पाहणीत ७० टक्के नुकसान आढळले असे धरू. ५८,००० चे ६० टक्के ३४,८००, त्याचे ७० टक्के २४,३६०, आणि ०.४० हेक्टरचे झाले ९,७४४ रुपये. हंगामाच्या शेवटी मंडळाच्या उत्पादनावर निघणारी भरपाई यापेक्षा जास्त आली, तर जास्तीची रक्कम धरली जाते. दोन्ही पूर्ण रकमा एकावर एक मिळत नाहीत.

आणखी एक गोंधळ दरवर्षी होतो. अतिवृष्टीनंतर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक जो पंचनामा करतात, तो आपत्ती मदत निधीसाठी असतो. तिथे ३३ टक्क्यांहून अधिक नुकसानीची अट असते आणि मदत सरकार देते. विम्याची पूर्वसूचना आणि विम्याचा पंचनामा यांचा त्याच्याशी संबंध नाही. तलाठी येऊन गेले म्हणून विम्याला कळवले नाही, अशी चूक ज्यांनी केली, त्यांची ७२ तासांची मुदत तलाठ्याच्या पंचनाम्याने वाचलेली नाही.

पैसे अडले तर

भरपाई आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते. दावा मंजूर असूनही पैसे न येण्याचे एक कारण तिथेच असते: आधार जोडणी दुसऱ्या जुन्या खात्याशी असते किंवा खाते व्यवहाराअभावी बंद पडलेले असते. कंपनीकडे जाण्याआधी बँकेत हे विचारून घ्यावे.

नकार आला तर कारण लेखी मागावे. ‘मुदतीनंतर सूचना’, ‘पीक जुळत नाही’, ‘पाहणीच्या वेळी पीक काढलेले’ अशी कारणे असतात, आणि प्रत्येकाला कागद लागतो: तक्रार क्रमांकावरची तारीख, ई-पीक पाहणीची नोंद, पंचनाम्याचे छायाचित्र. आधी तालुक्याच्या तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील तक्रार निवारण समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांची समिती, असा क्रम आहे. मंडळाच्या उत्पादनाचा आकडा चुकीचा वाटत असेल, तर ती तक्रार एकट्याने करून भागत नाही. कोणत्या शेतात, कोणत्या तारखेला प्रयोग झाला आणि वजन किती भरले, हे गावाने मिळून मांडावे लागते.

आणि ते मांडता यायचे असेल, तर तयारी काढणीच्या आधी हवी. अधिसूचना निघाली की आपल्या मंडळाचे उंबरठा उत्पादन कृषी कार्यालयातून मिळवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. त्याच्याखाली त्या हंगामात चालू असलेल्या जोखमी, हप्त्याची अंतिम तारीख आणि निवडलेल्या प्रयोग-शेतांचे गट क्रमांक. कापणीच्या दिवशी गावातल्या दोघा-चौघांनी त्या शेतात उभे राहून वजन वहीत उतरवावे. उंबरठा आणि वजन हे दोन आकडे ज्या गावाकडे असतील, त्याला आपली भरपाई किती हे कंपनीने सांगण्याआधीच काढता येईल, आणि आकडा चुकला तर नेमका कुठे चुकला हेही दाखवता येईल.